जागलीवरचा सोलर मोबाइल चार्जर: पॅनल, बॅटरी आणि कंट्रोलरचा हिशोब

आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल शाखेत दरवर्षी एखादा तरी गट सोलर मोबाइल चार्जरचा प्रोजेक्ट घेतो. १० वॅटचं पॅनल, ७ एएचची बॅटरी आणि निळा कंट्रोलर थर्माकोलवर मांडला, परीक्षकांसमोर फोनवर चार्जिंगचं चिन्ह दिसलं की मार्क मिळतात. तोच संच वावरात नेऊन ठेवला तर दोन-तीन दिवसांत मान टाकतो. यात जोडणीचा दोष क्वचितच असतो. पॅनल किती वॅटचं आणि बॅटरी किती एएचची, हे ठरवताना जो हिशोब व्हायला हवा तो झालेला नसतो, किंवा चुकीच्या एककात झालेला असतो. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन तो हिशोब शेवटपर्यंत नेऊ.

उदाहरण आपल्या भागातलंच. हरभरा आणि पऱ्हाटी रानडुकरांपासून, रोह्यांपासून राखायला ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत माणसं रात्री वावरात जागलीला असतात. मचाणावर दोघे, शेजारच्या वावरात दोघे, असे चार फोन धरा. फोन रात्रीच चार्जिंगला लागणार, कारण दिवसा माणसं घरी किंवा दुसऱ्या कामाला. म्हणजे पॅनलवरून थेट फोनला काहीच मिळणार नाही, सगळी वीज आधी बॅटरीत जाऊन मग फोनमध्ये येणार. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

आधी महिना ठरवा

पॅनलचा हिशोब वर्षाच्या सरासरी उन्हावर करू नका. ज्या महिन्यात वापर आहे त्यातल्या सर्वात कमी उन्हाच्या महिन्यावर करा. विदर्भात ऊन सर्वात कमी असतं ते डिसेंबरात नव्हे, जुलै-ऑगस्टात. पावसाळ्यात सपाट जमिनीवर दिवसाला चारच्या आसपास सूर्यतास मिळतात, आणि झड लागली की त्याहून बरेच कमी. डिसेंबरात दिवस लहान असला तरी आभाळ स्वच्छ असतं, आणि पॅनल दक्षिणेकडे नीट तिरपं केलं तर पाच सूर्यतास धरायला हरकत नाही. एक सूर्यतास म्हणजे चौरस मीटरला १००० वॅट इतक्या कडक उन्हाचा एक तास. सकाळ-संध्याकाळचं कोवळं ऊन त्यात गोळा करून मोजलेलं असतं.

तुमच्या तालुक्याचा आकडा नासाच्या NASA POWER या साइटवर फुकट मिळतो. नकाशावर गाव निवडा आणि ALLSKY_SFC_SW_DWN या नावाची महिनावार सरासरी काढा. तो आकडा सपाट जमिनीचा असतो, त्यामुळे हिवाळ्यात तिरप्या पॅनलला त्याहून थोडं जास्त मिळतं आणि पावसाळ्यात तिरपेपणाचा काही उपयोग होत नाही. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हा तक्ता लावा, आणि कोणता महिना धरला व का, ते एका वाक्यात लिहा. परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो.

आपला वापर ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणून ५ सूर्यतास धरू.

एक फोन बॅटरीतून किती वीज घेतो

फोनवर ५००० एमएएच लिहिलेलं असतं आणि आपल्या बॅटरीवर १२ एएच, म्हणजे १२,००० एमएएच. मग विद्यार्थी सरळ भागाकार करतात: दोन फोन आणि वर थोडं. हे चूक आहे, कारण दोन्हींचं व्होल्टेज वेगळं. फोनमधल्या सेलचं व्होल्टेज साधारण ३.८५, आपल्या बॅटरीचं १२.८. तुलना वॅट-अवरमध्येच करायची.

फोनचा सेल ५ एएच गुणिले ३.८५ व्होल्ट, म्हणजे सुमारे १९ वॅट-अवर. पण फोन चार्ज होताना गरम होतो, ती उष्णता कुठून तरी येतेच. फोनच्या आतल्या चार्जिंग सर्किटमध्ये आणि सेलमध्ये १२-१३ टक्के जातात, म्हणून यूएसबी पोर्टवर सुमारे २२ वॅट-अवर द्यावे लागतात. त्याआधी १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं बक मॉड्यूल आहे. चांगलं मॉड्यूल असेल तर त्यात आणखी १२ टक्के जातात. एकूण एका फोनमागे बॅटरीतून २५ वॅट-अवर निघतात. चार फोनांचे १००.

इथे एक गोष्ट सगळेच विसरतात. कंट्रोलर आणि यूएसबी मॉड्यूल रिकामे असतानाही थोडा करंट खात असतात. दोन्ही मिळून ३० मिलिअँपिअर धरले तरी चोवीस तासांत पाऊण एएच होतो, म्हणजे ९-१० वॅट-अवर. चार फोनांच्या प्रोजेक्टमध्ये हा जवळजवळ अर्ध्या फोनाचा खर्च आहे. मॉड्यूलच्या आधी साधा स्विच लावला तर यातला बराच भाग वाचतो. तरी आपण धरून चालू, कारण स्विच बंद करायचं राहतंच.

एकूण रोजचा खर्च ११० वॅट-अवर. १२.८ने भागले की ८.६ एएच. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

शक्य असेल तर वर्गातल्या तीन-चार फोनांवर यूएसबी मीटर लावून खरा खर्च मोजा. बाजारात मिळणारा छोटा मीटर वॅट-अवर थेट दाखवतो. बहुतेक लोक फोन २० टक्क्यांच्या आसपास आला की चार्जिंगला लावतात, त्यामुळे मोजलेला आकडा आपल्या हिशोबापेक्षा कमीच येईल. तो फरक शिल्लक म्हणून राहू द्या, जुन्या फोनांची आणि बारीक केबलांची भरपाई त्यातून होते.

पॅनल: वॅटवर नाही, अँपिअरवर

सर्वात जास्त प्रोजेक्ट या पायरीवर घसरतात, म्हणून इथे जरा थांबू.

पाठ्यपुस्तकी पद्धत अशी: ११० वॅट-अवर भागिले ५ तास म्हणजे २२ वॅट. धूळ, वायर आणि दिशा यांचे २० टक्के नुकसान धरून २७.५. मग ३० वॅटचं पॅनल घेतलं, झालं. कागदावर उत्तर बरोबर दिसतं. पण आपण स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावणार असू तर ते चुकीचं आहे.

कारण असं. '१२ व्होल्ट'चं म्हणून मिळणारं पॅनल प्रत्यक्षात ३६ सेलचं असतं आणि त्याचे पूर्ण वॅट १८ व्होल्टच्या आसपास मिळतात. मागच्या लेबलवर हे व्हीएमपी म्हणून लिहिलेलं असतं आणि त्याच्या शेजारी आयएमपी, म्हणजे त्या वेळचा करंट. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे मुळात पॅनल आणि बॅटरी यांच्यामधला एक वेगवान स्विच. तो चालू झाला की पॅनल थेट बॅटरीला जोडलं जातं आणि पॅनलचं व्होल्टेज बॅटरीएवढं, म्हणजे १३ व्होल्टच्या घरात खाली येतं. करंट मात्र तेवढाच राहतो. वरचे पाच व्होल्ट कोणाच्याच कामी येत नाहीत. ३० वॅटच्या पॅनलचा आयएमपी १.६७ अँपिअर, १३ व्होल्टला ते फक्त २१-२२ वॅट देतं.

म्हणून पीडब्ल्यूएमचा हिशोब वॅट बाजूला ठेवून अँपिअरमध्ये करा. रोज ८.६ एएच हवेत. धूळ-वायर-दिशेसाठी ०.८ने भागा: १०.७५ एएच. पाच सूर्यतासांनी भागा: २.१५ अँपिअर. पॅनलचा आयएमपी निदान एवढा हवा. ४० वॅटच्या पॅनलचा आयएमपी २.२ असतो, म्हणजे ते जेमतेम पुरतं. ५० वॅटचा २.७८ असतो.

आता ३० वॅटवाल्याचं काय होतं ते बघा. त्याचं पॅनल रोज १.६७ गुणिले ५ गुणिले ०.८ म्हणजे ६.७ एएच देतं आणि रात्रीचा खर्च ८.६. समजा त्याने १२ एएचची भरलेली बॅटरी लावली. पहिल्या रात्रीनंतर ३.४ एएच उरले, दिवसा भरून १०.१ झाले. दुसऱ्या रात्रीनंतर १.५ उरले, दिवसा ८.२. तिसऱ्या रात्री ८.६ लागणार आणि आहेत ८.२. पहाटेच्या सुमारास, म्हणजे डुकरं यायच्याच वेळी, बंद. आणि आकाश तिन्ही दिवस निरभ्र होतं! 'दोन दिवस छान चालला, मग बॅटरी खराब निघाली' असं ज्या गटाने सांगितलं, त्यांची बॅटरी बहुधा ठीकच होती.

४० वॅटमध्ये रोजची शिल्लक फक्त ०.२ एएच राहते. एखादा ढगाळ दिवस गेला तर झालेली तूट भरून निघायला आठवडे जातील. ५० वॅटमध्ये रोज ११.१ एएच येतात, शिल्लक २.५. म्हणून मी ५० घ्यायला सांगतो.

एमपीपीटी कंट्रोलर लावला तर वरचे पाच व्होल्टही वापरले जातात आणि वॅटचा हिशोब खरा ठरतो. पण या आकाराला तो परवडत नाही. ५० वॅटच्या पॅनलवर मिळणारा वाढीव करंट जेमतेम अर्धा अँपिअर, आणि तेवढा फायदा थोडं मोठं पॅनल घेऊन स्वस्तात मिळतो. शिवाय बाजारात वर एमपीपीटी छापलेले आणि आत पीडब्ल्यूएम असलेले कंट्रोलर सर्रास मिळतात. ओळखायचं सोपं आहे: भर उन्हात, बॅटरी रिकामी असताना, पॅनलच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. खरा एमपीपीटी असेल तर तिथे १६-१७ व्होल्ट दिसतील. बॅटरीच्या बरोबरीने १३-साडेतेरा दिसले तर तो पीडब्ल्यूएम आहे, छापलेलं काहीही असो.

उन्हाळ्याबद्दल एक सांगून ठेवतो. चंद्रपूर-वर्ध्याकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की पॅनलचे सेल ७५ अंशांच्या घरात जातात. सिलिकॉन सेलची ताकद दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के घटते आणि ती घट मुख्यतः व्होल्टेजमध्ये होते. १८ व्होल्टचा व्हीएमपी मग साडेचौदाच्या आसपास येतो. वायरमध्ये अर्धा व्होल्ट गेला की बॅटरी पूर्ण भरायला लागणारे १४.४ व्होल्ट मिळतच नाहीत. हिवाळ्यात हा प्रश्न येत नाही. पण ३६पेक्षा कमी सेलचं पॅनल कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, मे महिन्यात ते बॅटरी भरूच शकणार नाही.

पॅनल घेताना लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ५० वॅटचं पॅनल साधारण ५५ बाय ६५ सेंटिमीटरच्या आसपास असतं. त्याच्या निम्म्या आकारावर ५० वॅटचं लेबल असेल तर लेबल खोटं. दुकानाबाहेर उन्हात धरून मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटवर शॉर्ट सर्किट करंट मोजा. स्वच्छ उन्हात, पॅनल सूर्याकडे सरळ धरून, पावणेतीन-तीन अँपिअर मिळायला हवेत. पॅनलला शॉर्ट केल्याने काही होत नाही. बॅटरीवर मात्र हा प्रयोग कधीही करायचा नाही.

बॅटरी: किती रात्रींची

इथे लिथियम आयर्न फॉस्फेट धरतो, १२.८ व्होल्टची, चार सेल सिरीजमध्ये, आत बीएमएस म्हणजे सेलांना जास्त भरण्यापासून, उतरण्यापासून आणि तापण्यापासून राखणारं सर्किट. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, आणि उन्हाने तापलेल्या पेटीत तिचं आयुष्य आणखी कमी होतं: २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं. लिथियम फॉस्फेट ८० टक्के रोज वापरता येते.

आता आधीचा मुद्दा आठवा. सगळा वापर रात्री. म्हणून एक रात्र तर बॅटरीने काढायचीच आहे, ती 'राखीव' नाही. ८.६ भागिले ०.८ म्हणजे १०.७५ एएच, आणि म्हणून १२ एएचची बॅटरी घेतली तर ती फक्त स्वच्छ उन्हाच्या दिवसांची झाली. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी येतो, गारपीट होते, आभाळ दिवसभर भरून राहतं. अशा दिवशी पॅनल नेहमीच्या चौथाईहून थोडं कमी, म्हणजे अडीच एएच देईल असं धरा. १२ एएचच्या बॅटरीत पहिल्या रात्रीनंतर ३.४ उरले, ढगाळ दिवसाने ५.९ झाले, रात्री ८.६ हवेत. नाही पुरत.

१८ एएच घेतली तर: पहिल्या रात्रीनंतर ९.४, ढगाळ दिवसानंतर ११.९, दुसऱ्या रात्रीनंतर ३.३ उरतात. १८च्या २० टक्के म्हणजे ३.६, त्याच्या किंचित खाली, पण कधीतरी एकदा हे चालतं. म्हणून १८ एएच. ६ एएचच्या गोल सेलांपासून बांधायची असेल तर चार सिरीज, तीन पॅरलल, एकूण बारा सेल. पण पहिल्याच प्रोजेक्टला सेल वेल्ड करत बसू नका, बीएमएससकट तयार पॅक घ्या. ५० वॅटचं पॅनल यात जास्तीत जास्त तीन अँपिअर घालेल, म्हणजे क्षमतेच्या सहाव्या भागाएवढा करंट. कोणत्याही बऱ्या पॅकला तो चालतो.

पॅकवरचा एएचही तपासून घ्या. पूर्ण चार्ज करून गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा, करंट मोजून लिहा, आणि बीएमएस तोडेपर्यंत किती तास चालला ते बघा. करंट १.८ अँपिअर असेल तर १८ एएचचा खरा पॅक दहा तास चालतो. सहा तासांत विझला तर तो ११ एएचचा आहे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये याचा आलेख टाकला तर इतर गटांपेक्षा तुमचं काम वेगळं दिसेल.

शिशाचीच बॅटरी हाताशी असेल तर तीच गरज अर्ध्या वापराने भागवावी लागते, म्हणून २६-३० एएचपर्यंत जावं लागतं. मचाणावर चढवायला ती जड आहे, एवढंच सांगतो.

आणि हाच संच भादव्यातल्या सोयाबीनच्या जागलीला किंवा बाराही महिने एसटी थांब्यावर ठेवायचा असेल तर? सूर्यतास साडेतीन धरा: १०.७५ भागिले ३.५ म्हणजे ३.०७ अँपिअर, पण झडीनंतर बॅटरी लवकर भरायला हवी म्हणून ७५ वॅट. सलग दोन वाईट दिवसांसाठी तीन रात्री, म्हणजे २५.८ वजा ढगाळ दिवसांचे ५, भागिले ०.८: २६. बाजारात ३० एएचचा पॅक मिळतो. चार फोनांचाच चार्जर, पण महिना बदलला की दीडपट पॅनल आणि जवळपास पावणेदोनपट बॅटरी.

काही वावरांत आधीच कुंपणाचं झटका मशीन असतं, पॅनल आणि १२ व्होल्टच्या बॅटरीसकट. 'त्याच बॅटरीवर यूएसबी लावू' ही कल्पना प्रत्येक गटात कोणाला तरी सुचते. नका लावू. ती बॅटरी मशीनच्या रात्रभराच्या खर्चाला बसवलेली असते. चार फोनांनी ती उतरवली की कुंपण मेलं, आणि ते कळतं सकाळी, पीक पाहिल्यावर.

कंट्रोलर: अँपिअर सोपे, सेटिंग अवघड

करंटचा हिशोब दोन ओळींचा आहे. पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट ३ अँपिअर गुणिले १.२५ म्हणजे पावणेचार. फोनांच्या बाजूला चार फोन एकदम १० वॅटने लागले तर ४० वॅट, मॉड्यूलचं नुकसान धरून १२ व्होल्टला जवळपास ३.८ अँपिअर. १० अँपिअरचा कंट्रोलर दोन्हींना पुरतो.

बघायचं ते वेगळंच. पहिलं, त्याला लिथियम फॉस्फेटचं सेटिंग आहे का? चार्जिंग १४.२ ते १४.४ व्होल्टला थांबलं पाहिजे आणि लोड १२ व्होल्टच्या आसपास तुटला पाहिजे. शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेले कंट्रोलर १०.७ व्होल्टपर्यंत लोड चालू ठेवतात; लिथियम फॉस्फेट त्या व्होल्टेजला जवळजवळ कोरडी झालेली असते. इक्वलायझेशन आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय शिशासाठी आहे, ती बंद करता आली पाहिजे.

दुसरं, कॉमन पॉझिटिव्ह. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरांत पॅनल, बॅटरी आणि लोड यांचे तिन्ही पॉझिटिव्ह आत एकत्र जोडलेले असतात आणि स्विचिंग निगेटिव्ह वायरवर होतं. आता तुम्ही यूएसबी मॉड्यूलचं निगेटिव्ह सवयीने बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलं, किंवा लोखंडी पेटीला पॅनल आणि लोड दोन्हींची निगेटिव्ह टेकली, तर करंट कंट्रोलरच्या स्विचला वळसा घालून गेला. चार्जिंग सुरळीत दिसतं, पण लो-व्होल्टेजला लोड तुटत नाही आणि बॅटरी रोज तळाला जाते. काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून तिन्ही पॉझिटिव्ह टर्मिनल एकमेकांशी तपासा. बीप वाजला तर लोडच्या दोन्ही वायरी फक्त लोड टर्मिनललाच जोडा आणि पेटी प्लॅस्टिकची घ्या.

जोडण्याचा क्रम: आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी लोड. काढताना उलटा. कंट्रोलर बॅटरी बघून सिस्टीम किती व्होल्टची ते ठरवतो. बॅटरीशिवाय पॅनल लावलं तर त्याच्यासमोर थेट २१-२२ व्होल्ट येतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हला, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत, गाडीत असतो तो ७.५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज लावा. हा फ्यूज वायर जळू नये म्हणून आहे.

फोन हळू का चार्ज होतो

कंट्रोलरवरच दोन यूएसबी पोर्ट असतात. त्यावर चार फोनांचा भरवसा ठेवू नका; दोन्ही पोर्ट मिळून दोन-अडीच अँपिअर एवढीच बहुधा त्यांची क्षमता. लोड टर्मिनलवरून वेगळी मॉड्यूल घ्या. एलएम२५९६ चिपचं मॉड्यूल सगळीकडे मिळतं, पण १२चे ५ करताना ते फक्त ८० टक्के कार्यक्षम आहे आणि दोन अँपिअरच्या वर चांगलंच तापतं. ते वापरलं तर एका फोनाचे २५ नव्हे, साडेसत्तावीस वॅट-अवर धरून हिशोब पुन्हा करा. गाडीत बसवायचे १२-२४ व्होल्टचे तयार यूएसबी सॉकेट या कामाला बरे.

स्वतः सॉकेट सोल्डर करणाऱ्यांसाठी: यूएसबीच्या मधल्या दोन डेटा पिना मोकळ्या सोडल्या तर बरेच फोन अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त घेत नाहीत. त्यांना वाटतं आपण कॉम्प्युटरला लागलोय. दोन्ही डेटा पिना एकमेकींना शॉर्ट केल्या की फोन त्याला चार्जर समजतो आणि दीड अँपिअरपर्यंत घेतो. आणि केबल लहान ठेवा. बारीक तारेच्या एक मीटर केबलमध्ये दोन अँपिअरला पाऊण व्होल्टच्या वर पडू शकतो; पाचाचे सव्वाचार झाले की फोन स्वतःच करंट कमी करतो.

पॅनलपासून पेटीपर्यंत दहा मीटर असेल तर २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. जाऊन-येऊन वीस मीटरला त्यात सुमारे ०.४ व्होल्ट जातो. १.५मध्ये ०.७ जातो, हिवाळ्यात तेही चालून जाईल.

वावरात मांडणी

पॅनलचं तोंड दक्षिणेला. होकायंत्र नसेल तर सरळ काठी रोवा. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सावली सर्वात लहान होते तेव्हा ती उत्तर दाखवते. विदर्भ साधारण २० ते २१ अक्षांशांवर आहे, हिवाळ्यासाठी त्यात पंधरा मिळवून ३५ अंशांचा तिरपेपणा ठेवा. मचाणाच्या कडेला बाभूळ किंवा पळस असेल तर सकाळी नऊ ते दुपारी तीन सावली पॅनलवर येत नाही ना ते बघा. ३६ सेल एका सिरीजमध्ये आहेत, एका सेलवर फांदीची सावली पडली तरी सगळ्यांचा करंट अडतो. मीटर लावून पॅनलच्या एका सेलवर हात ठेवून बघा, वर्गात शंभरदा सांगूनही जे पटत नाही ते लगेच पटतं.

बॅटरीची पेटी मचाणाखाली, सावलीत, जमिनीपासून वर. पत्र्याच्या बंद पेटीत उन्हात ठेवली तर बीएमएस तापमान बघून चार्जिंग तोडतो आणि भर दुपारी पॅनलचा करंट शून्य दिसतो. दोष पॅनलमध्ये शोधत बसू नका, आधी पेटीला हात लावा.

रोज काय बघायचं

कंट्रोलरच्या पडद्यावरच्या बॅटरीच्या कांड्या विसरा. लिथियम फॉस्फेटचं व्होल्टेज ९० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत १३.३ ते १३.१ एवढंच हलतं, त्यावरून किती उरली ते कळत नाही. त्याऐवजी दुपारी तीनला एकदा बघा: व्होल्टेज १४.२च्या वर जाऊन करंट कमी होऊ लागला आहे का? होत असेल तर बॅटरी रोज भरते आहे आणि हिशोब जमला. सलग दोन-तीन स्वच्छ दिवस तीन वाजताही व्होल्टेज साडेतेराला अडकलेलं असेल तर तूट साचते आहे, बंद पडायला अजून एक-दोन रात्री उरल्या आहेत.

मग याच क्रमाने शोधा. पॅनल पुसून करंट पुन्हा मोजा. कापूस वेचणीच्या दिवसांत रस्त्याची धूळ भरपूर बसते. दुपारी करंट अडीच अँपिअरच्या आसपास असेल तर पॅनल आणि वायर ठीक, खर्च वाढलाय. यूएसबी मीटर लावून रात्री किती फोन लागतात ते मोजा; चारचे सहा झालेले असतात, कारण शेजारच्या वावरातल्यांनाही कळलेलं असतं. सहा फोन म्हणजे रोज १२.५ एएच, आणि त्यासाठी ५० वॅट पुरणार नाहीत: १२.५ भागिले ०.८ भागिले ५ म्हणजे ३.१ अँपिअर, ६० वॅटचं पॅनल जेमतेम, ७५चं निवांत. बॅटरीही मग २४ एएचच्या पुढे न्यावी लागते. खर्च चार फोनांचाच असेल आणि करंट दीडच्या खाली असेल, तर सावली, सैल कनेक्टर किंवा उंदराने कुरतडलेली वायर, याच क्रमाने बघा.